कूपन कोड : कुलूप आणि साक्षीदार

मागच्या भागात तिकिटाची किंमत ठरवली, आता सवलत. फ्लिपकार्ट २००७ मध्ये आणि स्विगी २०१४ मध्ये जिथून सुरू झाली, बंगळूरुच्या त्या कोरमंगलात सवलतीचा कोड कुणाला समजावून सांगावा लागत नाही. WELCOME50 छापाचे शब्द तिथल्या लोकांच्या बोटांवर असतात आणि आयोजकांची अडचण नेमकी हीच आहे. एकाच कोडकडून ते दोन कामांची अपेक्षा करतात : सवलत योग्य माणसालाच मिळावी आणि नोंदणी कुठल्या मार्गाने आली तेही कळावे. ही दोन्ही कामे एकमेकांच्या आड येतात. कुलूप म्हणून कोड अवघड आणि एकदाच चालणारा हवा. पोस्टरवर छापायचा तर तो सोपा आणि सगळ्यांना चालणारा हवा. माझे म्हणणे असे की ही कामे कोडच्या दोन वेगळ्या भागांकडे द्यावीत, आणि मार्गाची साक्ष देणाऱ्या एकट्या भागावर विश्वास ठेवू नये.

समजा, कोरमंगलात ८० जागांची एक दिवसाची कार्यशाळा आहे. शुल्क १५०० रुपये, सवलत ३०० रुपये. ईमेल पत्राच्या ४०० वाचकांना प्रत्येकी वेगळा कोड पाठवायचा आहे. त्याची सुरुवात EM, म्हणजे मार्गाची खूण. पुढे यादृच्छिक शेपूट. ते शेपूट चार आकड्यांचे ठेवले तर शक्यता फक्त १०,००० उरतात, आणि त्यांतले ४०० कोड चालू असल्याने दर पंचवीस अंदाजांमागे सरासरी एक बरोबर येतो. हे काम कॉलेजचा एखादा रिकामटेकडा मुलगाही दुपारभरात करील. तेच शेपूट ३२ चिन्हांतून निवडलेल्या आठ अक्षरांचे केले, तर शक्यता सुमारे १.१ लाख कोटींवर जातात. चिन्हे निवडताना I, L, O ही अक्षरे वगळावीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात आणि चुकीच्या टंकनाचे फोन आयोजकालाच येतात.

दुसरा मार्ग सहीचा. बंगळूरुच्याच हॅसगीकने तिकीटविक्रीसाठी बॉक्सऑफिस नावाची खुली प्रणाली लिहिली, तिच्यात कोडला गुप्त किल्लीने केलेली सही जोडता येते. मग हजारो कोड आधी साठवून ठेवण्याची गरज नाही. सही जुळली की कोड खरा. पण सही फक्त कोड खरा आहे एवढेच सांगते, तो आधी वापरला गेला का हे नाही. ती नोंद ठेवावीच लागते आणि इथेच बऱ्याच जणांचा घात होतो. ‘वापरला आहे का’ हे आधी विचारायचे आणि ‘वापरला’ हे नंतर लिहायचे, तर दोन टॅबमध्ये एकाच क्षणी बटण दाबणाऱ्याला दोनदा सवलत मिळते. तपासणी आणि नोंद एकाच आज्ञेत हवी. सहीचा कोड पहिल्यांदा आला की त्याची ओळ आधी तक्त्यात घालावी, मग ही आज्ञा :

```sql
UPDATE coupons SET used = used + 1
WHERE code = 'EM-7KQ2M9XD' AND used < max_use;
```

एकही ओळ बदलली नाही, तर सवलत नाकारायची. पैसे न भरता मध्येच सोडून दिलेल्या नोंदणीचा कोड काही मिनिटांनी मोकळा करायला मात्र विसरू नये.

आता साक्ष. अमेरिकेतील जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ च्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’मध्ये प्रत्येक जाहिरातीच्या कूपनला वेगळी खूण देऊन परतावा मोजण्याचा आग्रह धरला होता. पण त्यांचे कूपन कात्रीने कापावे लागे आणि एक कूपन हजार हातांत जात नसे. आजचा कोड वॉट्सॲपवर पुढे जातो, कूपनांच्या संकेतस्थळांवर चढतो. आपल्या कार्यशाळेच्या पोस्टरवर PS-KORA हा खुला कोड आहे, मर्यादा ४० वेळा. दुसऱ्याच रात्री ती संपली. पोस्टर जिंकले म्हणावे का? पोस्टरवरच्या क्यूआरच्या दुव्यात `utm_source=poster` लिहिले असेल, तर दुसरा साक्षीदार मिळतो. चाळीसपैकी चौदाच नोंदणींत ही खूण सापडली, तर उरलेल्या सव्वीस शंकास्पद ठरतात. सगळ्या खोट्या मात्र नव्हेत, कारण फोनवर पोस्टर पाहून घरी लॅपटॉपवर कोड टाकणारेही असतातच. त्या सव्वीस नोंदणी दिवसभरात विखुरलेल्या आहेत की रात्री तासाभरात दाटल्या आहेत, हे पाहिले की गळती बहुधा ओळखू येते. नोंदणी अर्जात ‘प्रथम कुठे कळले?’ हा एकच प्रश्न ठेवला, तर तिसरा साक्षीदार फुकट मिळतो.

कुणी म्हणेल, ईमेलवाल्यांना ३०० आणि पोस्टरवाल्यांना ५०० रुपये सवलत देऊन पाहू. मग मोजमाप सवलतीचे होईल, मार्गाचे नाही. तुलना करायची तर रक्कम आणि मुदत सगळीकडे सारखीच हवी.

छोट्या आयोजकाला चारशे वेगळे कोड ही कटकट वाटते. ती रास्त आहे, पण चारशे ओळी एका छोट्या स्क्रिप्टने काही सेकंदांत तयार होतात. खरी कटकट पोस्टरची, कारण तिथे वेगळा कोड देताच येत नाही. तिथे मर्यादा लहान ठेवावी, दोन-तीन जागी वेगवेगळे कोड छापावेत, आणि एखादा गळला तर तेवढाच बंद करावा.