बारा रुपयांचं इंजेक्शन यादीत तळाला जातं, तेव्हा

एबीसीच्या व्हिडिओत आपण दुकानातला माल पैशाप्रमाणे लावला होता. वर्षभरात ज्या मालात सगळ्यात जास्त पैसा फिरतो तो ए, मधला बी, आणि उरलेला ढीग म्हणजे सी. माझ्या दुकानात हे छान चालतं. सी गटातली एखादी वस्तू संपली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, आपलं दहावीस रुपयांचं नुकसान होतं, विषय संपला.

पण कोल्हापुरातल्या एका छोट्या हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये मी हाच हिशेब शिकवायला बसलो, तेव्हा तिथल्या फार्मासिस्ट ताईंनी यादी बघून सरळ विचारलं, "सर, अ‍ॅड्रेनालिन तुम्ही सगळ्यात खाली टाकलंय. ते रात्री दोनला संपलं तर पेशंटला शेजारच्या दुकानात पाठवू का?"

मी गप्प. चूक माझीच होती.

त्यांच्या यादीसारखीच एक छोटी यादी इथं घेतो. आकडे हिशेब समजावा म्हणून मी सोपे धरलेत, बाजारभाव म्हणून वापरू नका. सात औषधं, वर्षाचा खप गुणिले खरेदीचा दर. मेरोपेनेम इंजेक्शन 1,000 × 400 म्हणजे 4 लाख. सलाईन 12,000 × 25 म्हणजे 3 लाख. सर्पदंशाची लस, म्हणजे अँटी स्नेक व्हेनम, 200 × 600 म्हणजे 1 लाख 20 हजार. मल्टिव्हिटॅमिन इंजेक्शन 800 × 100 म्हणजे 80 हजार. पॅन्टोप्राझोल इंजेक्शन 7,000 × 10 म्हणजे 70 हजार. खोकल्याचं सिरप 440 × 60 म्हणजे 26,400. आणि अ‍ॅड्रेनालिन 300 × 12 म्हणजे फक्त 3,600. एकूण बरोबर 10 लाख.

वरून बेरीज करत या. मेरोपेनेम आणि सलाईन मिळून 70 टक्के, ते ए. पुढची दोन धरून 90 टक्क्यांपर्यंत बी. खालची तीन सी. अ‍ॅड्रेनालिनचा वाटा अर्धा टक्कासुद्धा नाही. पैशाच्या नजरेनं बघितलं तर त्याकडं वर्षातून एकदा लक्ष दिलं तरी चालेल. आणि हृदय बंद पडलेल्या पेशंटला हेच इंजेक्शन दर तीन ते पाच मिनिटांनी 1 मिलिग्रॅम, म्हणजे एकेक अँप्युल द्यावं लागतं. अर्ध्या तासात सातआठ अँप्युल एकाच पेशंटला जाऊ शकतात.

म्हणून हॉस्पिटलच्या स्टोअरला दुसरा प्रश्न लागतो: हे औषध नसेल तर काय होईल? जीव जाऊ शकतो आणि थांबायला वेळच नाही, ते व्हायटल, म्हणजे व्ही. एकदोन दिवस निभावता येईल पण नंतर उपचार बिघडतील, ते इसेन्शियल, ई. नसलं तरी पेशंट बरा होईल, ते डिझायरेबल, डी. आपल्या यादीत सलाईन, सर्पदंशाची लस आणि अ‍ॅड्रेनालिन व्ही. मेरोपेनेम आणि पॅन्टोप्राझोल ई. मल्टिव्हिटॅमिन आणि सिरप डी.

हे ठरवणं दुकानदाराचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. पण "हे महत्त्वाचं आहे का" असं विचारलंत तर प्रत्येक डॉक्टर आपल्या शाखेचं सगळं व्ही सांगतात, आणि निम्मी यादी व्ही झाली की त्या यादीचा काही उपयोग नाही. त्याऐवजी विचारा, "रात्री दोनला हे नसेल तर सकाळपर्यंत त्याच्या जागी काय देता येईल?" उत्तर आलं तर ते व्ही नाही. मेरोपेनेमवरून त्या दिवशी वाद झालाच, आयसीयूवाले म्हणाले व्ही. पण ते ए असल्यामुळं कसंही पहिल्याच गटात येणार होतं, म्हणून वाद तिथंच सोडून दिला.

आता दोन्ही एकत्र करा. ए किंवा व्ही, यातलं एक जरी लागलं तर गट 1. सी आणि डी दोन्ही असेल तर गट 3. बाकी सगळं गट 2. एक्सेलमध्ये B रकान्यात खप, C मध्ये दर, F मध्ये A, B, C आणि G मध्ये V, E, D लिहा. D रकाना मोठ्याकडून छोट्याकडं सॉर्ट करायला विसरू नका, नाहीतर E मधली टक्केवारी चुकते.

```
D2: =B2*C2
E2: =SUM(D$2:D2)/SUM(D$2:D$8)
H2: =IF(OR(F2="A",G2="V"),1,IF(AND(F2="C",G2="D"),3,2))
```

आपलं अ‍ॅड्रेनालिन तळातून उडी मारून गट 1 मध्ये गेलं. सिरप एकटं गट 3 मध्ये राहिलं.

मोठ्या स्टोअरमध्येही असंच दिसतं. नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात हा अभ्यास झालाय. चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलच्या स्टोअरचा 2007-08 चा अभ्यास मला जास्त आवडतो, कारण त्याचे आकडे बोलतात. तिथं 421 औषधं होती. ए गटात 58, त्यांवर सुमारे 70 टक्के खर्च. व्ही धरून गट 1 केला तेव्हा औषधं झाली 93 आणि खर्च झाला सुमारे 74 टक्के. म्हणजे पैशाच्या यादीतून निसटलेली 35 जीवरक्षक औषधं होती, आणि त्यांचा खर्च जेमतेम चार टक्के.

इथंच धंद्याचा मुद्दा आहे. गट 1 ला "कडक लक्ष" म्हणजे सगळ्यांना एकच नियम नाही. मेरोपेनेमचा तीन महिन्यांचा जादा साठा म्हणजे 250 वायल, 1 लाख रुपये अडकले. ते दर आठपंधरा दिवसांनी थोडं थोडं मागवा. अ‍ॅड्रेनालिनचा तीन महिन्यांचा जादा साठा म्हणजे 75 अँप्युल, 900 रुपये. तो बिनधास्त ठेवा, फक्त आधी एक्स्पायर होणारी पेटी पुढं लावा. आणि पैसे वाचवायचे असतील तर मल्टिव्हिटॅमिनच्या 80 हजारांकडं बघा. महाग आणि नसलं तरी चालणारं, अशा ठिकाणी साठा निम्मा केला तर कुणाला कळणारही नाही.

हिशेब गंडतो तो बहुतेक वेळा यादी करतानाच. पॅन्टोप्राझोल चार ब्रँडचं असेल आणि चार ओळीत लिहिलंत, तर 70 हजारांचे चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा आणखी खाली जातो. जेनेरिक नावानं एकत्र करूनच बेरीज करा. दुसरं, एखादं औषध दोन महिने शिल्लकच नव्हतं तर त्याचा खप कमी दिसतो, गरज कमी नसते. शिल्लक शून्य असलेले दिवस वेगळे काढून बघा.

आणि सरासरी. सर्पदंशाच्या लसीचा वर्षाचा खप 200, म्हणजे महिन्याला साधारण 17. कागदावर 17 वायल म्हणजे महिन्याचा साठा. पण विषबाधेची लक्षणं असलेल्या पेशंटला सुरुवातीचाच डोस साधारण 10 वायलचा असतो आणि गरज पडली तर पुन्हा तेवढा. म्हणजे 17 वायल हा महिन्याचा नाही, एका पेशंटचा साठा झाला. त्यात पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडं पावसात शेतातली कामं सुरू झाली की केसेस वाढतात. त्यामुळं व्ही औषधाची खालची पातळी महिन्याच्या सरासरीवर नको, "एकाच वेळी किती पेशंट येऊ शकतात गुणिले एकाला किती लागतं" यावर धरा. त्या ताईंनी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दोन पेशंटचा पूर्ण साठा, म्हणजे 40 वायल, अशी रेघ मारली. आपल्या धरलेल्या दरानं 24 हजार रुपये. मालक थोडे कुरकुरले, मग मल्टिव्हिटॅमिनची पुढची ऑर्डर त्यांनी स्वतःच निम्मी केली.