फोटोतली बहुपदी आणि पुसट झालेला आकडा

गणिताची शिकवणी घेणाऱ्या कुणाच्याही फोनमध्ये वहीच्या पानांचे फोटो भरलेले असतात. संध्याकाळी उदाहरण अडलं की मुलं पान टिपतात आणि पाठवून देतात. पान मात्र जसंच्या तसं पोहोचत नाही. वहीच्या आखलेल्या रेघेवर बसलेलं वजाचं चिन्ह त्या रेघेतच मिसळून जातं. डोक्यावरचा छोटा 2 पुसट होतो. 6 आणि 8 यांत फरक उरत नाही. वही शिवणीपाशी वळलेली असते, तिथे शेवटचं पद निम्मं सावलीत जातं. अशा फोटोवरून अवयव पाडायला बसलं, की आधी प्रश्न पडतो: मी वाचतोय ते बरोबर आहे का?

या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा त्या उदाहरणातच सापडतं. गट पाडणं आणि सूत्र वापरणं या दोन्ही युक्त्या आकड्यांचं एक ठरावीक नातं असेल तरच चालतात. नातं जुळलं तर काम चार ओळींत आटोपतं. नाही जुळलं, तर आकडा चुकीचा वाचल्याची शंका घ्यायला जागा मिळते.

समजा फोटोत हे दिसतंय:

x³ − 3x² − 4x + 1▢

शेवटचा आकडा शिवणीत गेलाय. 12 असेल, 17 असेल, 10 असेल. प्रश्नाखाली ‘गट पाडून अवयव काढा’ असं लिहिलंय, आणि तेवढी सूचना पुरेशी आहे. पहिल्या दोन पदांतून x² बाहेर काढला की उरतो (x − 3). पुढच्या दोन पदांतून −4 बाहेर काढला की कंसात पुन्हा (x − 3) च यायला हवा, नाहीतर गट पाडण्यात अर्थच नाही. −4 गुणिले −3 म्हणजे 12. शिवणीतला आकडा 2 आहे.

हेच नातं सरसकट सांगायचं तर, पहिल्या आणि चौथ्या सहगुणकाचा गुणाकार हा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या गुणाकाराइतका असला पाहिजे. इथे 1 × 12 = (−3) × (−4). पेन उचलण्याआधी हे तोंडी करून बघता येतं, आणि ते जुळत नसेल तर या क्रमाने गट पडणार नाहीत हे आधीच कळतं. म्हणून अवयवच पडत नाहीत असं मात्र समजू नये. x³ − 6x² + 11x − 6 इथे एक गुणाकार −6 आणि दुसरा −66 येतो, गट पडत नाहीत, तरी त्याचे (x − 1)(x − 2)(x − 3) असे तीन सुरेख अवयव आहेत. तिथे वेगळी वाट धरावी लागते, एवढंच.

आपल्या उदाहरणात पुढचं काम सरळ आहे:

x²(x − 3) − 4(x − 3) = (x − 3)(x² − 4) = (x − 3)(x − 2)(x + 2)

शेवटची पायरी वर्गांतराच्या सूत्राची, a² − b² = (a − b)(a + b). मुलं अडखळतात ती मधल्या पायरीवर. −4x + 12 मधून −4 बाहेर काढताना कंसात (x + 3) लिहिलं जातं, कारण 12 च्या आधीचं अधिक तसंच खाली उतरतं. ही चूक ओळखणं सोपं आहे, दोन कंस एकमेकांसारखे दिसत नाहीत. अशा वेळी फोटोवर संशय घेण्याआधी स्वतःचा वजा तपासावा.

पडताळ्यासाठी x च्या जागी 1 घालायची सवय अनेकांना असते. ती मला धोक्याची वाटते. 1 चा वर्गही 1 आणि घनही 1, त्यामुळे घातांकाची चूक तिथे दिसतच नाही. कुणी घाईत (x² − 4) ऐवजी (x − 4) उतरवलं, तर x = 1 ला (−2)(−3) = 6 येतं, आणि मूळ बहुपदीचीही किंमत 6 च येते. चुकीचं उत्तर पडताळ्यात पास! त्यापेक्षा 10 घालावेत. 1000 − 300 − 40 + 12 = 672, आणि अवयवांकडून 7 × 8 × 12 = 672. चुकीचं उत्तर इथे 7 × 6 = 42 देतं आणि लगेच उघडं पडतं.

आता जरा रंगतदार उदाहरण घेऊ:

x² − y² − 4x + ▢y − 5

y चा सहगुणक पुसट आहे, 6 असेल किंवा 8. पहिली दोन पदं पाहून हात आपोआप (x − y)(x + y) कडे जातो, पण उरलेल्या तीन पदांत त्यातला एकही कंस सापडत नाही आणि गाडी अडते. इथे गट वेगळ्या तऱ्हेने पाडायचे: x ची पदं एकीकडे, y ची दुसरीकडे, आणि दोन्हींचे पूर्ण वर्ग करायचे.

x² − 4x ला पूर्ण वर्ग व्हायला 4 लागतात, मग ते (x − 2)² होतं. स्थिरपद −5 आहे. म्हणजे −5 ची फोड 4 − 9 अशी करावी लागेल, आणि y च्या वाट्याला 9 येतील. 9 हा 3 चा वर्ग, म्हणून मधलं पद 2 × 3, म्हणजे 6y. 8y असतं तर y ला 16 लागले असते आणि स्थिरपद 4 − 16 = −12 हवं होतं. फोटोत तर −5 स्वच्छ दिसतंय. म्हणून आकडा 6.

(x² − 4x + 4) − (y² − 6y + 9) = (x − 2)² − (y − 3)²

पुन्हा वर्गांतराचं सूत्र लावलं की (x − y + 1)(x + y − 5). हेच उदाहरण x मधलं वर्गसमीकरण समजून, y ला स्थिर धरून सूत्राने सोडवता येतं आणि उत्तर हेच येतं. पण करणीखाली y च्या राशी घेऊन अर्धं पान भरतं.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: उदाहरणाचे पूर्णांकांत अवयव पडतात, हे आधीच माहीत असणं. पाठ्यपुस्तकातल्या या प्रकरणात ते गृहीत धरायला हरकत नाही. मोजमापातून आलेली बहुपदी असेल, तर पुसट आकडा असा भरू नये.

शिवाय या रीतीने आकडा मिळतो, चिन्ह मिळत नाही. 3 चाही वर्ग 9 आणि −3 चाही. 6y च्या आधी अधिक आहे की वजा हे रेघेमुळे दिसत नसेल, तर −6y घेऊनही उदाहरण तितकंच सुरळीत सुटतं, फक्त उत्तर (x − y − 5)(x + y + 1) येतं. इथे पुस्तकाच्या मागचं उत्तर कामी येतं. सगळा गुणाकार करायची गरज नाही, फक्त y ची पदं गोळा करायची. छापील उत्तर (x − y + 1)(x + y − 5) असेल, तर −y गुणिले −5 म्हणजे 5y, आणि 1 गुणिले y म्हणजे y, एकूण +6y. मागचं उत्तर हाताशी नसेल, तर तेवढ्या ओळीचा फोटो पुन्हा मागवावा, पान सपाट धरून.