बोलीची खूण (लेखांक ६) : ‘राम राम’च्या पुढचं वाक्य

मागच्या लेखांकात आपण नात्यांच्या हाका पाहिल्या. या आठवड्यात भेटीचे बोल. दोन मराठी माणसं भेटली की आधी अभिवादन होतं आणि लगेच चौकशी. समोरच्याचा मुलूख ओळखायला बहुतेक जण अभिवादनावर भिस्त ठेवतात आणि तिथंच फसतात. गाव सांगते ती चौकशी.

अभिवादन माणूस निवडून करतो. वारकऱ्याला ‘रामकृष्ण हरी’ म्हणायला देहूचा असावं लागत नाही. तो परभणीचा असेल, नाहीतर बेळगावचा. महानुभाव पंथाचा माणूस ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो, मग तो अमरावतीकडचा असो की जळगावकडचा. ‘जय भीम’ रुजवण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांना दिलं जातं. पण आज तो चंद्रपूरपासून चिपळूणपर्यंत ऐकू येतो, त्यामुळे बोलणारा विदर्भातला आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. सांगली-कोल्हापूरकडे ‘जय जिनेंद्र’ बऱ्याचदा कानावर पडतं, पण त्यातून कळतो तो धर्म. ‘राम राम’ तर महाराष्ट्राची वेस ओलांडून थेट हरियाणापर्यंत चालतं. ‘जोहार’ पालघर-डहाणूच्या आदिवासी पट्ट्यात आणि ‘जय सेवा’ गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड वस्त्यांत ऐकलं, तर थोडाफार भूगोल हाती लागतो, पण तोही समाजाच्या आडून. थोडक्यात, पहिला शब्द माणूस कुणाचा ते सांगतो, कुठला ते नाही.

दुसरं वाक्य असं विचारपूर्वक निवडलेलं नसतं. ‘काय करतोयस?’ हा मित्रांमधला प्रश्न घ्या. त्याला खरं उत्तर कुणी देत नाही; ‘काही नाही रे, तू बोल’ इतकंच. उत्तराची अपेक्षा नसल्यामुळे विचारणाराही शब्द तोलत नाही, आणि लहानपणी कानावर बसलेलं क्रियापद जसंच्या तसं तोंडातून निघतं.

पुणे-साताऱ्याकडे हे क्रियापद ‘करतोयस’ असं येतं, म्हणजे ‘करतो आहेस’. सिंधुदुर्गात मालवणी माणूस ‘काय करतंस?’ एवढंच म्हणतो आणि ‘कसो आसस?’ असा ओकार लावतो. नागपूर-वर्ध्याकडे गेलात की ‘असणे’ मागे पडतं आणि ‘राहणे’ पुढे येतं : ‘काय करून राह्यला?’ हिंदीतल्या ‘कर रहा है’शी त्याचं साम्य उघड आहे. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि १९५६पर्यंत हा भाग हिंदी मुलखाबरोबर एकाच राज्यात होता. सरकारी सीमा नंतर हलली, तरी बोलण्यातली जवळीक त्याहून जुनी आहे. खानदेशातही ‘राहणे’च आहे, पण वेगळ्या पेहरावात. अहिराणीत विचारतात, ‘काय करी राहिना?’ आणि ख्यालीखुशाली विचारायची तर ‘कसा शे?’

दक्षिणेकडच्या पट्ट्यात मात्र तिसरंच क्रियापद कामाला लागतं. लातूर-धाराशिवकडे ‘काय करलालास?’, सोलापुरात ‘काय करालास?’, कोल्हापूर-इचलकरंजीकडे ‘काय करालायस?’ रूपं थोडी वेगळी आहेत, पण प्रत्येकात ‘करू लागला’ दडलेलं ऐकू येतं. कानडी मुलखाला लागून हा पट्टा पसरला आहे.

म्हणजे एकाच प्रश्नासाठी तीन क्रियापदं झाली. पश्चिमेला ‘असणे’ किंवा नुसता वर्तमानकाळ, पूर्वेला आणि उत्तरेला ‘राहणे’, दक्षिणेला ‘लागणे’. हा नकाशा ढोबळ आहे, पण अभिवादनाच्या शब्दांपेक्षा पुष्कळ भरवशाचा.

त्याची कसोटी ‘बे’वर घेऊन पाहू. ‘काय बे!’ ऐकलं की पुण्या-मुंबईचे लोक बोलणाऱ्याला बेलाशक नागपूरचा ठरवतात. पण सोलापूरची पोरंही एकमेकांना तितक्याच प्रेमाने ‘बे’ म्हणतात. पुण्याच्या वसतिगृहात दोघं जण आपापल्या मित्रांशी फोनवर बोलत आहेत असं समजा. एक म्हणतो, ‘काय बे, कुठं गेला होता तू? काय करून राह्यला? ये ना बे.’ दुसरा म्हणतो, ‘काय बे, कुठं गेलतास? काय करालास? ये की बे.’ ‘बे’ दोघांचाही. क्रियापदं मात्र त्यांना वेगळं पाडतात. आणखी एक खूण बारकाईने ऐकावी लागते. पहिल्याने ‘तू’ म्हटलं, पण क्रियापदाला ‘स’ लावला नाही : ‘गेला होता तू’. विदर्भात हे सर्रास चालतं. दुसऱ्याचा ‘गेलतास’मधला ‘स’ जागच्या जागी आहे. शेवटचे ‘ना’ आणि ‘की’ त्याच निकालावर शिक्का मारतात. पहिला नागपूरकडचा, दुसरा सोलापूरचा.

हाच ‘स’ कोल्हापूर-सांगलीकडे आदरार्थी बोलण्यातही शिरतो : ‘पाव्हणं, कवा आलासा?’, ‘जेवलासा न्हवं?’ पुण्याच्या कानाला तो ‘सा’ एकेरीसारखा वाटतो. प्रत्यक्षात तो ‘तुम्ही’चाच मान आहे. ‘बे’चं याच्या उलट. तो मित्रांत लाडाचा, पण सातारा-पुण्याकडे अनोळखी माणसाला म्हटलात तर भांडण ओढवून घ्याल.

बायकांना मारलेल्या हाकेतही मुलूख सापडतो. देशावर ‘काय गं?’, मालवणीत ‘काय गो?’, वऱ्हाडात ‘काय वं?’ आणि निरोप घेतानाही एक खूण मिळते. मराठी माणूस उठताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हे सगळीकडे सारखं. पण एखादी मुलगी दारात उभी राहून ‘काकू, येतो मी’ म्हणाली, तर ती कोल्हापूरच्या बाजूची असण्याची शक्यता मोठी. तिकडे बायका स्वतःबद्दल बोलताना ‘आलो’, ‘गेलो’, ‘येतो’ म्हणतात. पुण्याची ‘येते’ म्हणेल.

या खुणा कुठे दगा देतात तेही सांगायला हवं. बुलढाण्यासारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात वऱ्हाडी आणि खानदेशी वळणं शेजारी शेजारी ऐकू येतात. बदलीची नोकरी असलेल्या आईबापांची मुलं शाळेत एक आणि घरात दुसरं बोलतात. सासरी गेलेल्या बाईची ‘गं’ची ‘गो’ व्हायला फार वर्षं लागत नाहीत, पण माहेरी फोन लावला की जुनी हाक परत येते. शिकलेला माणूस मुलाखतीत किंवा व्यासपीठावर प्रमाण मराठीच बोलतो. तिथे त्याच्या क्रियापदावरून गाव काढू नये. ऐकायचं तर घरच्यांशी किंवा शाळेतल्या मित्राशी चाललेलं बोलणं ऐकावं. शिवाय एका खुणेवर निकाल देऊ नये. हाक, क्रियापद आणि वाक्याचा शेवट या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तरच जिल्ह्याचं नाव घ्यावं. दोनच जुळल्या तर मुलूख सांगून थांबावं.

या मोजणीत वाक्याच्या शेवटाला आपण आज घाईने ओलांडलं. ‘ये ना’, ‘ये की’, ‘बरां आसां मां?’ या शेपट्या विनंतीला आर्जव कुठे देतात आणि हुकूम कुठे करतात, ते पुढच्या लेखांकात पाहू.