वक्त्याची तारीख पक्की करताना

वेबिनारसाठी वक्त्याला पाठवायच्या पहिल्या पत्रात विषय, वेळ, मानधन आणि पर्यायी तारखा या चार गोष्टी लागतात. यांपैकी एक जरी मोघम राहिली, तरी वक्त्याला होकार देता येत नाही. मग तो "बघू, कळवतो" एवढेच लिहितो आणि आयोजक त्यालाच होकार समजून बसतात.

समजा, नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष उत्पादकांच्या एका गटाला 2026च्या ऑक्टोबर छाटणीच्या हंगामात एका वनस्पतिरोगतज्ज्ञाचे ऑनलाइन व्याख्यान ठेवायचे आहे. 'द्राक्षावरील रोग' असा विषय कळवला, तर वक्त्याला त्यातून काहीच बोध होत नाही, कारण त्यावर दोन दिवसही बोलता येईल. 'छाटणीनंतर कोवळ्या फुटीवरील डाऊनी : फवारणी केव्हा आणि कशाची' असे लिहिले की तयारीची दिशा ठरते. श्रोते बागायतदार आहेत की कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, हेही त्याच वाक्यात यावे. बागायतदार औषधाचे प्रमाण विचारतात, विद्यार्थी बुरशीचे जीवनचक्र.

वेळेचा हिशेब नुसता 'साधारण तासभर' असा नको. एकूण 75 मिनिटे, त्यात 5 मिनिटे प्रास्ताविक, 45 मिनिटे भाषण आणि 25 मिनिटे प्रश्नोत्तरे, अशी फोड द्यावी. शेतकऱ्यांच्या सभेत प्रश्नच जास्त रंगतात, म्हणून तो वाटा मुद्दाम मोठा ठेवलेला बरा. आवाज आणि स्लाइड तपासण्यासाठी 15 मिनिटे आधी यावे लागणार असेल, तर तेही आधीच सांगावे.

मानधनाशी आले की मराठी आयोजकाची लेखणी अडखळते. 'फूल ना फुलाची पाकळी' किंवा 'यथोचित मानधन' लिहून तो सुटका करून घेतो. यात विनय कमी आणि गैरसोय जास्त. आकडा विचारण्याचा संकोच मग वक्त्याच्या माथी येतो. रक्कम 5,000 रुपये असेल तर तसे लिहावे, नसेल तर मानधन देता येणार नाही असे स्वच्छ लिहावे. पैसे कार्यक्रमानंतर किती दिवसांत आणि कशाने मिळतील, पावती व पॅन लागेल का, हेही सांगावे. व्यावसायिक शुल्कावर संस्थेने 10 टक्के कर कापण्याची वेळ, एकाच व्यक्तीला आर्थिक वर्षात दिलेली रक्कम 50,000 रुपयांच्या वर गेल्यावर येते. एप्रिल 2025पूर्वी ही मर्यादा 30,000 होती. वक्ता सरकारी नोकरीत असेल, तर मानधन घेण्यापूर्वी त्याला कार्यालयाची परवानगी लागू शकते. त्यासाठीही लेखी आकडा हवाच.

तारखा तीन पुरेत. एकच दिली तर नकाराची शक्यता वाढते आणि सात-आठ दिल्या की उत्तर लांबते. या गटाला 11 ऑक्टोबरच्या घटस्थापनेआधी कार्यक्रम उरकायचा आहे. म्हणून पत्र असे होईल :

"सस्नेह नमस्कार. वरील विषयावर आपण आमच्या बागायतदारांशी झूमवर बोलावे, अशी विनंती आहे. एकूण वेळ 75 मिनिटे, मानधन 5,000 रुपये. शनिवार 3 ऑक्टोबर, मंगळवार 6 ऑक्टोबर किंवा गुरुवार 8 ऑक्टोबर 2026, यांपैकी आपल्याला सोयीचा दिवस कळवावा. वेळ तिन्ही दिवशी संध्याकाळी 7. या तिन्ही तारखा आम्ही शनिवार 12 सप्टेंबरपर्यंत आपल्यासाठी राखून ठेवत आहोत. यांतली कोणतीच जमणार नसेल, तर तसेही निःसंकोच कळवावे."

वार आणि तारीख दोन्ही लिहिल्याने चूक लगेच ध्यानात येते. नुसते 6/10 लिहिले तर अमेरिकेतला माणूस ते 10 जून वाचतो. तिथल्या वक्त्याला त्याच्या घड्याळातली वेळही द्यावी. आपले 6 ऑक्टोबरचे संध्याकाळचे 7 म्हणजे कॅलिफोर्नियात त्याच दिवशी सकाळचे साडेसहा. तिथली घड्याळे 1 नोव्हेंबरला एक तास मागे जातात, तेव्हापासून आपल्या 7 वाजता तिथे साडेपाचच वाजलेले असतील.

उत्तराची मुदत 12 सप्टेंबर ठेवण्याचे कारण साधे आहे : 14 तारखेला गणपती बसतात आणि मग पत्रे मागे पडतात. मुदतीपर्यंत उत्तर न आल्यास एक फोन करावा, आणि त्यानंतरच दुसऱ्या वक्त्याला विचारावे. दोघांना एकाच वेळी विचारले आणि दोघेही हो म्हणाले, तर एकाला नाही म्हणण्याची नामुष्की येते.

"6 तारीख चालेल" असे उत्तर आले की त्याच दिवशी विषय, वार, वेळ आणि मानधन पुन्हा लिहून पाठवावे आणि उरलेल्या दोन तारखा मोकळ्या झाल्याचे कळवावे. कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण नंतर सर्वांना दाखवायचे असेल, तर त्याची संमती याच पत्रात मागावी. ती लेखी आल्याशिवाय निमंत्रणपत्रिकेवर वक्त्याचे नाव छापू नये.