ग्राफिक्स कार्ड उघडण्याआधी

गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत कॉम्प्युटरचे पंखे घरघरायला लागतात, खेळ मध्येच अडखळतो, आणि तीन-चार वर्षांपूर्वी शांतपणे चालणारं कार्ड आता दमल्यासारखं वाटतं. अशा वेळी ‘पेस्ट बदल, पॅड बदल’ हा सल्ला हमखास मिळतो. कधी तो अगदी बरोबर असतो, तर कधी चांगलं चालणारं कार्ड उघडून नसती आफत ओढवून घेतली जाते. या दोन्हींतला फरक कार्डाला हात लावण्याआधीच कळू शकतो.

उदाहरण म्हणून एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० घेऊ. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आलेलं हे कार्ड पूर्ण जोरात चालताना ३२० वॅटच्या आसपास वीज खातं आणि त्या सगळ्या विजेची उष्णता होते. त्या काळात अशी असंख्य कार्डं इथेरियमच्या मायनिंगला दिवसरात्र जुंपलेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि ही कार्डं सेकंडहँड बाजारात उतरली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुनं ३०८० घेणाऱ्याला कार्डाचा पूर्वेतिहास क्वचितच कळतो.

कार्डाच्या मधोमध मुख्य चिप असते. प्रोसेसरवर असतं तसं धातूचं झाकण तिच्यावर नसतं. चकचकीत सिलिकॉन उघडंच असतं आणि त्यावर हीटसिंकचा तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा दिलेला तळ टेकतो. दोन्ही पृष्ठभाग दिसायला गुळगुळीत असले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात. त्या भरण्याचं काम थर्मल पेस्टचं. चिपभोवतीच्या मेमरी चिप आणि वीजपुरवठ्याचे भाग मात्र कमी-जास्त उंचीचे असतात. तिथली फट एक-दोन मिलिमीटरची असल्याने पेस्ट पुरत नाही, म्हणून मऊ रबरासारखे पॅड लावतात.

चिप तापते तेव्हा सिलिकॉन आणि तांबं वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि गार झाल्यावर आकसतात. असं हजारदा झालं की पुरणपोळी लाटताना पुरण कडेला सरकतं तशी पेस्ट चिपच्या मधून कडेला ढकलली जाते. मधला भाग उघडा पडतो आणि नेमका तिथेच ताप वाढतो. पॅडचं दुखणं वेगळं. त्यांच्यातलं सिलिकॉन तेल हळूहळू पाझरतं, पॅड कडक होतात आणि मेमरीला घट्ट चिकटून राहत नाहीत.

हे घडलंय का, हे पाहायला `GPU-Z` नावाचा मोफत प्रोग्राम पुरतो. त्याच्या `Sensors` पानावर तीन आकडे बघायचे: `GPU Temperature`, `Hot Spot` आणि `Memory Temperature`. पहिला चिपचं साधारण तापमान सांगतो, दुसरा चिपवरच्या सगळ्यांत गरम जागेचं आणि तिसरा मेमरीचं. एखादा जड गेम वीस मिनिटं चालवून आकडे टिपायचे. सोबत खोलीचं तापमान आणि पंख्यांचा वेग लिहून ठेवायचा, कारण मे महिन्यातल्या नागपूरचे आकडे डिसेंबरातल्या नागपूरशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

बहुतेक जण पहिला आकडा बघून घाबरतात. खरी खबर मात्र पहिल्या दोन आकड्यांमधल्या अंतरात असते. चिप ७५ अंशांवर आणि हॉट स्पॉट ८८ वर असेल, तर पेस्ट तिचं काम करते आहे. दहा-पंधरा अंशांचं अंतर नेहमीचं. ते पंचवीस-तीसवर गेलं, तर पेस्ट मधून निघून गेली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. खोली कितीही गरम असली तरी हे अंतर फारसं हलत नाही, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो. मेमरीचा हिशेब स्वतंत्र. ३०८० मधली जीडीडीआर६एक्स मेमरी मुळातच गरम चालते आणि ११० अंशांच्या आसपास पोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करून तिला वाचवतं. खेळताना ती ८५-९५ अंशांवर असेल तर पॅडला हात लावायचं कारण नाही. ती सतत १०४-१०६ च्या पुढे राहत असेल, तर आहे.

आणखी एक चाचणी फुकटात होते. कॅबिनेटची बाजूची पत्रा-काच काढायची आणि तोच गेम पुन्हा चालवायचा. सगळेच आकडे आठ-दहा अंशांनी उतरले, तर दोष कार्डाचा नाही. कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही किंवा जाळ्यांवर धूळ बसली आहे. ब्रश आणि ब्लोअर हाच त्यावरचा इलाज.

माझ्या भाच्याने घेतलेल्या जुन्या ३०८० ची नोंद अशी होती: चिप ७७, हॉट स्पॉट १०४, मेमरी १०८, आणि पंखे जवळपास पूर्ण वेगात. धूळ साफ केल्यावर चिप दोन-तीन अंशांनी उतरली, पण अंतर सत्तावीसच राहिलं. वॉरंटी संपलेली होती. मग कार्ड उघडण्यावाचून पर्याय नव्हता.

उघडण्याआधी दहा मिनिटं गेम चालवून कार्ड कोमट करावं म्हणजे वाळलेली पेस्ट सैल होते. नंतर कॉम्प्युटर बंद करून प्लग काढायचा आणि कार्ड सोडवून टेबलावर पालथं ठेवायचं. मागच्या बाजूला चिपभोवती स्प्रिंगचे चार स्क्रू असतात. ते आलटून-पालटून, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, थोडे थोडे सैल करायचे. एकच कोपरा आधी सोडला तर उघड्या सिलिकॉनवर एकाच बाजूने भार येतो आणि त्याची कड फुटू शकते. सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात, म्हणून कागदावर कार्डाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवणं उत्तम. हीटसिंक सरळ ओढायचा नाही किंवा खाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचाही नाही. किंचित डावी-उजवीकडे पिळत सोडवायचा, आणि तेव्हा पंख्यांच्या बारीक वायरींकडे लक्ष ठेवायचं.

या कार्डाची चिप उघडली तेव्हा मधे बोटभर जागा आरशासारखी लख्ख होती आणि राखाडी पेस्टचा वाळका कठडा चारही कडांना जमला होता. मेमरीवरचे पॅड तेलकट दिसत होते, पण बोटाने दाबले तर दबत नव्हते. सत्तावीस अंशांचं कारण डोळ्यांना दिसत होतं.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड वापरून पुसली. खरा निर्णय इथून पुढे होता: पॅडची जाडी. हे पॅड अर्धा, एक, दीड, दोन मिलिमीटर अशा जाडीत मिळतात. कंपनी आणि मॉडेल बदललं की जाडी बदलते, आणि एकाच कार्डावर मेमरीसाठी एक, वीजपुरवठ्याच्या भागांसाठी दुसरी असू शकते. जुना पॅड दबलेला असल्याने मधे मोजून उपयोग नाही. चिपच्या बाहेर लोंबणारी त्याची कड न दबता राहिलेली असते; व्हर्नियर कॅलिपरने ती मोजली की मूळ जाडी कळते.

अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तर काय होतं? पॅड पातळ झाला तर मेमरी हीटसिंकला टेकतच नाही आणि पहिल्यापेक्षा जास्त तापते. जाड झाला तर गोष्ट जास्त फसवी. पॅड हीटसिंकला वर उचलून धरतात, मेमरी छान गार राहते, पण मुख्य चिपवर पुरेसा दाब पडत नाही आणि हॉट स्पॉट भडकतो. जास्तीत जास्त उष्णता वाहण्याचा आकडा छापलेले काही महाग पॅड कडक असतात. त्यांच्यामुळेही हेच होतं. म्हणून पॅड निवडताना मऊपणाला आकड्याइतकंच महत्त्व द्यावं. मापाची खात्री नसेल तर थर्मल पुटी वापरता येते. मळलेल्या कणकेसारखी ती दाबाने हवी तितकी पसरते, त्यामुळे जाडी मोजण्याचा प्रश्नच उरत नाही.

बंद करण्याआधी एक तालीम हवी. नवे पॅड लावून, चिपवर थोडी पेस्ट पसरून, हीटसिंक पूर्ण आवळायचा आणि पुन्हा उघडून ठसा बघायचा. या कार्डावर एका कोपऱ्यात पेस्ट जाड राहिली होती आणि शेजारच्या कॉइलवरचा पॅड चेपून बाहेर आला होता. तिथे दोनऐवजी दीड मिलिमीटरचा पॅड लावला, पुन्हा ठसा घेतला आणि पेस्ट चारही कोपऱ्यांत सारखी पातळ पसरलेली दिसली.

उघड्या चिपसाठी शेवटी साधी पेस्ट लावली नाही. हनीवेलचं पीटीएम७९५० हे पातळ पत्र्यासारखं येतं. खोलीच्या तापमानाला ते घट्ट असतं आणि ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन फटी भरतं. कडेला सरकण्याचा दोष त्यात फार कमी आहे. लावण्याआधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवलं की वरची फिल्म न फाटता निघते. पहिल्या काही वेळा कार्ड तापून गार झाल्यावरच ते पूर्ण बसतं, त्यामुळे पहिल्या तासाचे आकडे बघून निराश होऊ नये. पेस्टच वापरायची तर घट्ट आणि वीज न वाहणारी घ्यावी. लिक्विड मेटल इथे टाळावं. ते वीज वाहतं आणि ॲल्युमिनियम खातं.

पुढच्या आठवड्यात, साधारण तितक्याच तापमानाच्या खोलीत, नोंद आली: चिप ७०, हॉट स्पॉट ८३, मेमरी ९०. अंतर सत्तावीसचं तेरा झालं आणि पंखे बरेच हळू फिरू लागले. खेळाचा वेग फार वाढला नाही. मेमरी तापून मध्येच येणारे झटके मात्र थांबले. या कामातून एवढंच मिळतं: आवाज कमी होतो, अडखळणं थांबतं आणि कार्डावरचा ताण हलका होतो.

म्हणूनच हा खटाटोप सगळ्यांसाठी नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर कार्ड उघडू नये. स्क्रूवरचं स्टिकर फाटलं म्हणून दुरुस्ती नाकारली जाऊ शकते. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा रेघा येत असतील तर दोष बहुधा मेमरीत किंवा चिपच्या जोडणीत असतो, आणि पेस्टने तो जात नाही. पंखा खरखरत असेल तर फक्त पंखा बदलावा. जीटीएक्स १०५० टीआयसारखी ७५ वॅटची कार्डं मुळातच थोडी तापतात. अंतर ठीक असेल तर त्यांना तसंच चालू द्यावं. तापमान जरा जास्त आहे पण अंतर ठीक आहे, अशा वेळी एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये `Power Limit` ८०-८५ टक्क्यांवर आणली तर थोडासा वेग देऊन बऱ्यापैकी गारवा मिळतो, आणि तोही स्क्रूड्रायव्हरशिवाय.

अंतर पंचवीसच्या वर, किंवा मेमरी सतत शंभराच्या बरीच पुढे, वॉरंटी संपलेली, आणि कार्ड अजून एक-दोन वर्षं वापरण्याजोगं: हे जुळत असेल तर एका सुटीची दुपार आणि साहित्याचा खर्च नक्की वसूल होतो. काम झाल्यावरचे तीन आकडे तारखेसह लिहून ठेवावेत आणि महिन्याभराने त्याच गेमवर पुन्हा बघावेत. अंतर तेराचं तेराच असेल तर काम नीट झालं. ते अठरा-वीसकडे सरकत असेल तर पेस्ट पुन्हा कडेला जाऊ लागली आहे, आणि पुढच्या वेळी वेगळं साहित्य निवडायला हवं.