ठिणगी मारून बघायची सवय

बारा व्होल्टच्या बॅटरीत जीव आहे का हे पाहायला गॅरेजमधला माणूस मीटर शोधत बसत नाही. वायरचं टोक टर्मिनलवर घासतो, ठिणगी उडते, काम भागतं. दुचाकी मेकॅनिकांना इलेक्ट्रिक गाड्यांचं काम शिकवणाऱ्या पुण्यातल्या एका वर्गात मी गेलो, तो या सवयीचं तिथे काय करतात हे बघायला. आमच्या भागातला मेकॅनिक तिथलं प्रमाणपत्र घेऊन आला होता. म्हणाला, "पहिल्यांदा हात आवरायलाच शिकवतात."

दारातच अंगठ्या, कडी, चेन काढून ठेवायची. पन्नाशीतल्या एका काकांची अंगठी निघेना. साबण लावून ती उतरेपर्यंत मॅडमनी वर्ग सुरू केला नाही. "इतकी वर्षं घालून काम केलं," काका पुटपुटत होते.

टेबलावर स्कूटरचा एक पॅक होता. वर लेबल होतं ६० व्होल्टचं. वाहनांच्या सुरक्षा नियमांत डीसी ६० व्होल्टच्या वरचा दाब धोक्याचा धरतात, त्यामुळे लेबल वाचून माणूस निर्धास्त होतो. मॅडमनी फळ्यावर हिशेब मांडला. आत १७ सेल एकामागून एक जोडलेले. प्रत्येकाचा सरासरी दाब ३.६, म्हणून ६१ च्या आसपास, आणि लेबलवर ६०. पण पूर्ण चार्ज झाल्यावर तोच सेल ४.२ वर जातो आणि पॅक होतो ७१.४ व्होल्टचा. "लेबलवरचे ६० म्हणजे मोजलेले ६० नाहीत," त्या म्हणाल्या, आणि दिवसभर म्हणत राहिल्या.

मग त्यांनी उलट बाजू सांगितली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटली. ६० च्या खाली शॉक सहसा जिवावर बेतत नाही, पण पाना आडवा पडला तर वाहणारा करंट ६० कडे बघत नाही. पॅकचा आतला रोध ०.१ ओहम धरा, तर ७१.४ व्होल्टला सातशे अँपिअर होतात. बाहेरचं शॉर्ट झालं तर पॅकमधलं बीएमएस सर्किट तोडू शकतं. झाकण उघडून पाना थेट सेलच्या पट्ट्यांवर टेकला, तर मध्ये बीएमएस नाहीच. अंगठी तापते ती इथे. काकांनी नकळत रिकामं बोट चोळलं.

मीटरचा तास सर्वांत लांबला, आणि लांबायलाच हवा होता. आधी जिथे दाब आहे हे माहीत आहे अशा ठिकाणी मोजायचं, मग कामाच्या ठिकाणी, मग पुन्हा पहिल्या ठिकाणी. मधलं शून्य खरं की मीटरच बंद पडला, हे असंच कळतं. काकांनी स्वतःचा स्वस्तातला मीटर आणला होता. त्याची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात होती, आदल्या कामापासून तशीच राहिलेली. त्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत छापलं होतं की आत फ्यूज नाही. व्होल्ट मोजायला ती वायर पॅकला लावली असती, तर मोजणं झालंच नसतं, शॉर्ट झालं असतं. मॅडमनी हात धरला आणि मीटर वर्गभर फिरवला.

दुसरी गोष्ट त्याहून फसवी. बीएमएसनं पॅक बंद केला की बाहेरच्या टर्मिनलवर शून्य दिसू शकतं. आतले सेल मात्र भरलेलेच असतात. टाकीतलं पेट्रोल काढून घेता येतं, पण भरलेला सेल बंद करायचं बटण नसतं.

ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलच्या चौकटीत जुन्या कारागिरांना अनुभवाच्या आधारावर, थोड्या उजळणीनंतर परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवायची वाट आहे. ब्रेक, चाक, सस्पेन्शनसाठी ती न्याय्य आहे. बॅटरीच्या बाबतीत मात्र मला ती पटत नाही. इथे जुना अनुभवच आड येतो, कारण हात आपोआप ठिणगी मारायला जातो. हा भाग तोंडी उत्तरांवर सोडू नये. प्रत्येकानं परीक्षकासमोर तीन वेळा मीटर लावून दाखवावा, तरच कागद द्यावा.

शेवटी परीक्षेत विचारतात तो प्रश्न आला : फुगलेला, गोडसर सॉल्व्हंटसारखा वास येणारा पॅक गॅरेजमध्ये आला तर? चार्ज करायचा नाही, उघडायचा नाही, भोक पाडायचं नाही, मोकळ्या जागी इतर गाड्यांपासून लांब ठेवायचा आणि कंपनीला कळवायचं. वर्गानं एका सुरात सांगितलं. काका तेवढे गप्प होते.

"मॅडम, माझं दुकान दहा बाय बारा. पेट्रोलचे कॅन तिथंच, वर माळ्यावर पोरगा झोपतो. मोकळी जागा कुठून आणू?"

मॅडमनी वेळ घेतला. "मग तो पॅक दुकानात घ्यायचाच नाही. दारात बघायचं, फुगलाय किंवा वास येतोय असं वाटलं तर गिऱ्हाइकाला चार्जर लावू नको सांगायचं आणि तिथूनच कंपनीला फोन लावायचा. रात्री दुकानात ठेवून घ्यायचा नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो."

काकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.