चुकलेल्या पासवर्डची मोजदाद

जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्या १८ वर्षांच्या एका मुलाने ट्विटरच्या एका कर्मचाऱ्याचं खातं फोडलं. शब्दकोशातले शब्द एकामागून एक पासवर्ड म्हणून टाकत राहणारा प्रोग्राम त्याने रात्रभर चालू ठेवला. सकाळी पाहतो तर पासवर्ड सापडलेला: happiness. त्या खात्याला इतरांचे पासवर्ड बदलण्याची मुभा असल्यामुळे थेट बराक ओबामांच्या खात्यापर्यंत वाट मोकळी झाली. एकाच खात्यावर इतके पासवर्ड चुकत असताना ट्विटरची यंत्रणा ते नुसती ऐकून घेत होती.

यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे पाच वेळा चुकलं की खातं बंद. पण मग तुमचं खातं बंद पाडायला तुमचा पासवर्ड लागतच नाही, नुसतं नाव पुरतं. ऑनलाइन लिलावात प्रतिस्पर्ध्याच्या नावाने मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून शेवटच्या क्षणी त्याला बाहेर ठेवता येईल. शिवाय तुम्ही संगणकावर पासवर्ड बदलला आणि खिशातला फोन जुनाच पासवर्ड परत परत पाठवत राहिला, तर हल्ला न होताच खातं बंद! म्हणून तोच चुकीचा पासवर्ड पुन्हा आला, तर शहाणी यंत्रणा तो नव्याने मोजत नाही.

त्यापेक्षा विलंब बरा. समजा, पहिल्या पाच चुका माफ. सहाव्या चुकीनंतर एक सेकंद थांबा, मग दोन, मग चार, असं दुपटीने वाढत जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. सेकंदाला दहा अंदाज करणारा प्रोग्राम एरवी दिवसात ८ लाख ६४ हजार शब्द तपासतो. पंधरा मिनिटांची अट लागली की दिवसाला फक्त ९६. बोट घसरलेल्या माणसाला मात्र दोन-चार सेकंदच थांबावं लागतं.

तरी एक पेच उरतो. चोर दिवसभर ठोकत बसला, तर ती पंधरा मिनिटं खऱ्या मालकाच्याही वाट्याला येतात. म्हणून ज्या फोनवरून किंवा ब्राउझरवरून आधी यशस्वी लॉगिन झालं आहे, तिथे एक खूण ठेवतात आणि त्याच्या चुका वेगळ्या मोजतात. अनोळखी दारावर कितीही गर्दी असली, तरी मालक आपल्या ओळखीच्या फोनवरून आत येतो. नवा फोन घेतला त्याच दिवशी हल्ला चालू असेल, तर मात्र त्यालाही थांबावं लागेल.

चोरही हिशेबी असतात. हजारो खात्यांवर एकच सोपा पासवर्ड एकेकदा टाकून पाहिला, की कुठल्याच खात्याची मोजणी एकच्या पुढे जात नाही. अशा वेळी इंटरनेटच्या पत्त्यानुसारही चुका मोजतात. पण मोबाइल नेटवर्कवर असंख्य ग्राहक एकाच पत्त्यामागे असू शकतात, त्यामुळे ती मर्यादा बरीच सैल ठेवावी लागते. हा प्रकार ओळखायचा तो एकूण आकड्यावरून: एरवी दहा लॉगिनमागे एखादं चुकत असेल आणि अचानक नऊ चुकू लागले, तर कुणीतरी सगळी दारं एकेकदा ढकलून पाहतंय.